काळजाला पाणी

रत्नागिरीतल्या त्या ट्रस्टच्या इस्पितळात नव्याने लागणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टींची धास्ती असे. एक मेसमधली आमटी आणि दुसऱ्या प्रभावती मॅडम. आमटी निदान पातळ तरी असायची. मॅडम मात्र हृदयाच्या सोनोग्राफीचा, म्हणजे इकोचा, एखादा फोटो नव्या पोरासमोर टेबलावर सरकवत आणि गप्प बसत. पोरगं घाईघाईने निदान ठोकून देई. त्यावर मॅडम विचारत, "निदान मागितलंय कोणी? काळं कुठे आहे ते सांग. कोणाच्या पुढे आहे आणि कोणाच्या मागे?" फोटोत पाणी काळं दिसतं, हे पुस्तकातही असतं. पण या बाईंना त्या काळ्या पट्ट्याचा शेजारीपाजारी कोण, हेही हवं असायचं. पोरं मागून त्यांची नक्कल करायची. बाईंच्या पोटात काय आहे हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं.

प्रभावती मूळची रत्नागिरीजवळच्या पालीची. बाजारपेठेच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी, तिथे तिचे वडील धोंडू गुरुजी राहायचे. प्राथमिक शाळेत मास्तर, डोक्याला तेल आणि जिभेला व्याकरण लावल्याशिवाय माणूस कधी घराबाहेर पडला नाही. घरात बायको 'पानी' म्हणाली की गुरुजी तिथल्या तिथे 'पाणी' करून घ्यायचे. आपल्या पोरीला बोलण्यावरून कोणी हसू नये, एवढाच त्यांचा हेतू, आणि तो काही वाईट नव्हता. पोरगी हुशार निघाली. घाटावर जाऊन डॉक्टर झाली, आणि परत आली तेव्हा तिचं मराठी इतकं स्वच्छ झालं होतं की आईला तिच्याशी बोलताना सावरून बसावं लागे. गुरुजींना धन्य वाटलं. इस्पितळात ती लागली तेव्हा वर्षभरातच बाह्यरुग्ण विभाग तिच्या जिवावर चालू लागला. चटपटीत होती, हात हलका होता, आणि आपण चटपटीत आहोत हे तिला चांगलंच माहीत होतं.

पंच्याऐंशीचा शिमगा होता. कोकणात शिमग्याला मुंबईचा माणूस आला नाही तर गावाला पालखी अर्धीच वाटते. आजारी असला तरी येतो. तसाच भिकाजी आला. पालीच्या पलीकडच्या एका वाडीतला, चाळिशीच्या आतला, मुंबईत कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. महिनाभर बारीक ताप, खोकला, चालताना धाप. मुंबईच्या सरकारी इस्पितळात त्याला दाखल करून घेतलं होतं, सुई घालून पाणी काढायचं ठरवत होते. पालखीच्या आदल्या आठवड्यात हा बाबा उठला, कोणाला न सांगता कपडे घातले आणि एस्टीत बसला. कागद सगळे तिथेच राहिले. एक फोटो तेवढा बरोबर आला, कारण तपासणीवाल्या डॉक्टरने तो विद्यार्थ्यांना दाखवून त्याच्याच उशाशी ठेवला होता.

पालखी काही त्याच्या खांद्यावर आली नाही. अंगणापर्यंत चालत आला आणि तिथेच बसला. मग त्याची आई राही आणि शेजारचा धाकू यांनी त्याला भाड्याच्या जीपमध्ये घालून रत्नागिरीला आणलं.

सणामुळे इस्पितळात माणसं कमी आणि गर्दी जास्त. मोठे डॉक्टर, भाटकर, आपल्या गावी मानाच्या पालखीला गेलेले. प्रभावतीच्या टेबलासमोर फेणीने झिंगून पडलेले, ढोल वाजवून हात सुजलेले आणि पुरणपोळीने पोट बिघडलेले असे सगळे एका रांगेत उभे. त्यात भिकाजी. पाय सुजलेले, ओठ काळसर, उताणं निजवलं की उठून बसायचा. गळ्याच्या शिरा बसल्या जागी फुगून कानाच्या पाळीपर्यंत आलेल्या. छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली तर ठोके लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखे. नाडी मध्येच बारीक व्हायची. प्रभावतीने ती मोजली, थोडी अनियमित आहे असं ठरवलं आणि हात सोडला. श्वास आत घेताना ती बारीक होते आहे का, हे बघायला आणखी थोडा वेळ बोट तिथे ठेवावं लागतं. रांगेतला पुढचा माणूस तेवढ्यात ओकला.

एक्स-रे काढला. हृदयाची सावली भलीमोठी, खाली रुंद, पाण्याने भरून जमिनीवर टेकवलेल्या पखालीसारखी. हृदय थकून मोठं झालंय, प्रभावती मनात म्हणाली.

राही तिच्या बाजूला उभी होती. काटक म्हातारी, नऊवारीचा पदर दातात धरलेला. ती म्हणाली, "बाय, माज्या पोराच्या काळजाला पानी झालाय. ममईच्या डाक्टरान सांगितलान."

हे वाक्य पुढे प्रभावतीने मनात किती वेळा ऐकलं याला हिशेब नाही. पण त्या दिवशी तिने ते ऐकलंच नाही. तिने जे ऐकलं ते असं: पोराच्या आजारपणाने आईच्या काळजाचं पाणी पाणी झालंय. आई अशीच बोलणार, त्यात काय मोठं! मराठीच्या पेपरात हा वाक्प्रचार तिने वाक्यात उपयोग करून लिहिला होता आणि गुरुजींनी शाबासकी दिली होती. 'चं' आणि 'ला' यांच्यामधली ती एवढीशी फट, तिच्यातून माणूस मरणापर्यंत घसरू शकतो हे कुठल्या व्याकरणात लिहिलंय? प्रभावतीने म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात सांगितलं, की आजी, असं घाबरून चालत नाही, धीर धरा, मी आहे ना.

 आपण सांगितलं ते या बाईंना कळलं, म्हणूनच त्या धीर देताहेत, असं म्हातारीला वाटलं. तिने धाकूकडून फोटो घेऊन टेबलावर ठेवला. प्रभावतीने तो उचलला. असे फोटो तिने शिकताना चार-दोनच पाहिले होते, आणि त्यातला एकही तिच्या हातात कोणी दिला नव्हता. हृदयाच्या मागच्या बाजूला रुंद काळा पट्टा दिसत होता. पाणी आहे. ताप, खोकला, क्षय असणार, म्हणजे फुप्फुसाबाहेर पाणी. कोकणात मुंबईहून येणारा दर तिसरा माणूस छातीत पाणी घेऊन येतो. हृदय थकलंय, अंगावर सूज आहे, छातीतही पाणी आहे. सगळं कसं बरोबर जुळलं! तिने लघवी वाढवून पाणी उतरवायचं इंजेक्शन लिहून दिलं, ऑक्सिजन लावला आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी लघवी भरपूर झाली. प्रभावतीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिने सकाळी आणखी एक इंजेक्शन द्यायला सांगितलं. माणसाची अक्कल कधी कधी अशी जोडीने चुका करते.

दुसऱ्या दिवशी राउंडला ती भिकाजीच्या खाटेपाशी आली तेव्हा सूज किंचित कमी होती आणि माणूस विझत चालला होता. हातपाय गार, कपाळावर घाम, डोळे भिरभिरते. रक्तदाबाचा वरचा आकडा ऐंशीला आलेला. गळ्याच्या शिरा मात्र तशाच टरारलेल्या. अंगातलं पाणी काढलं, दाब पडला, तर या शिरा रिकाम्या का होत नाहीत? हा प्रश्न तिला पडला, पण उत्तर येईना.  राही खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती. 

नशीब म्हणा, भाटकर डॉक्टर त्याच वेळी गावाहून परतले. कपाळावर गुलाल, अंगात धुतलेला सदरा. उंच, सावकाश माणूस, कोणाला रागवायचं झालं तरी आधी चष्मा पुसायचा. त्यांनी गळ्याकडे पाहिलं. मग मनगटावर बोटं ठेवली आणि ती उचललीच नाहीत. भिकाजी श्वास आत घ्यायचा तशी नाडी बोटाखालून जवळजवळ नाहीशी व्हायची, सोडला की परत यायची. त्यांनी दाबाचा पट्टा स्वतः लावला, हवा अगदी हळूहळू सोडली आणि तेच कानाने तपासून घेतलं. मग विचारलं, की मुंबईचं काही आहे का याच्याजवळ?

प्रभावतीने फोटो दिला. ते खिडकीशी गेले आणि तिला जवळ बोलावलं. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी टोक फोटोवर धरलं, टेकवून नव्हे, हवेत थोडं वर.

"हा डावा कप्पा, ही त्याची मागची भिंत. तिच्यामागे काळं. बरोबर?"

"हो सर. छातीतलं पाणी."

"थांब. हा इथे एक गोल दिसतो. काय आहे?"

तिने बघितलं. डाव्या वरच्या कप्प्याच्या मागे रुपयाएवढं काळं वर्तुळ होतं. काल ते तिला दिसलं होतं की नव्हतं, हे तिला आठवेना. ती म्हणाली, खाली उतरणारी महाधमनी असेल.

"तीच. आता सांग, तुझं पाणी तिच्या मागून जातंय की पुढून?"

काळा पट्टा निमुळता होत वर्तुळाच्या पुढे, हृदय आणि धमनी यांच्या मधल्या खाचेत शिरत होता. फुप्फुसाबाहेरचं पाणी असतं तर ते धमनीच्या मागे राहिलं असतं. पुढे येतं ते हृदयाभोवतीच्या पिशवीतलं, पेरिकार्डियममधलं.  काळजाला पानी. म्हातारीने टेबलापाशी उभं राहून हेच सांगितलं होतं, पिशवीचं लॅटिन नाव सोडून सगळं.

भाटकर थांबले नाहीत. हृदयाच्या पुढच्या बाजूलाही काळी पट्टी होती, ती त्यांनी दाखवली. नुसती पुढेच असती तर चरबी असू शकते, घाई करायची नाही, पण मागे-पुढे दोन्हीकडे असेल तर पाणीच. मग पेन्सिल उजव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीवर आली. ती भिंत बाहेर फुगायच्या ऐवजी आत दबलेली होती, मऊ भाकरीत अंगठा रुतल्यासारखी. ते म्हणाले, "भिंत आत दिसली म्हणून उड्या मारायच्या नाहीत. हृदय आकसतं तेव्हा ती आत येणारच. आधी बघायचं, फोटो कुठल्या क्षणाचा आहे. ही झडप उघडी आहे. खालच्या ईसीजीच्या रेघेवर ठोका होऊन गेलाय. म्हणजे हृदय भरायची वेळ आहे. भरायच्या वेळी भिंत आत दबली, तर बाहेरचं पाणी तिला भरू देत नाही. टॅम्पोनाड."

आणि मग चष्मा पुसत त्यांनी एवढंच म्हटलं, की फोटो आठवड्यापूर्वीचा आहे, तेव्हा सुरुवात होती, आता पाणी वाढलं असणार. फोटोत भिंत दबलेली नसती तरी या गळ्यावरून आणि या नाडीवरून आपण हेच म्हणायला हवं होतं. एका फोटोत हृदयाचा एकच क्षण असतो. आणि ज्या हृदयात आधीच रक्त शिरत नाही, त्याचं येणारं रक्त इंजेक्शन देऊन आणखी कमी करायचं नसतं. हे ते तिच्याकडे न बघता बोलले. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढचं भराभर झालं. शिरेतून सलाईन सुरू केलं. भिकाजीला अर्धवट बसतं केलं, बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली कातडी बधिर केली, आणि लांब सुईला ईसीजीची तार चिमट्याने लावून भाटकरांनी ती डाव्या खांद्याच्या रोखाने हळूहळू आत नेली. प्रभावती रेघ बघत होती. सुई हृदयाला टेकली तर रेघ वाकडी होते. ती तशीच सरळ चालू राहावी म्हणून तिने मनातल्या मनात कोणाकोणाची विनवणी केली, ते तिचं तिला माहीत. पिचकारीत लालसर पाणी आलं. रक्त तर नाही? भाटकरांनी थोडं वाटीत काढून ठेवलं. ते गोठलं नाही. हृदयातलं रक्त असतं तर गोठलं असतं. मग एकामागून एक पिचकाऱ्या भरत गेल्या, आणि पहिल्या दोन-तीन निघतात न निघतात तोच भिकाजीने लांब श्वास घेतला आणि पाणी मागितलं, प्यायला. मनगटात नाडी भरून आली. गळ्याच्या शिरा हळूहळू खाली उतरल्या.

भिकाजी वाचला. क्षयाची औषधं सुरू झाली, आठवड्याने तो व्हरांड्यात बसून विडी मागू लागला आणि शिव्या खाऊ लागला. सगळ्यांना वाटलं, संपलं. प्रभावतीचं मात्र तिथून सुरू झालं. राही तिला येता-जाता हात जोडायची. घरून तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड बोरांचा पुडा मागवून तिने तिच्या टेबलावर आणून ठेवला. तो पुडा प्रभावतीने उघडला नाही आणि कोणाला दिलाही नाही. भाटकरांनी तिला एका शब्दाने दोष दिला नव्हता, त्यामुळे तो सगळा तिच्याच वाट्याला शिल्लक राहिला. रात्री डोळा लागायच्या आधी तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, मऊ, शहाणा आवाज, धीर धरा म्हणणारा. त्या आवाजाची तिला किळस आली.

शेवटी एका दुपारी ती राहीजवळ व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही घाबरला आहात, म्हणून तसं बोलताय. मी उलटं औषध दिलं, त्याने तो आणखी खालावला. चूक माझी आहे.

राहीने ऐकून घेतलं.  मग तिने विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं:

"तुमी पालीच्याच ना गो बाय? धोंडू मास्तराच्या? मंग तुमाला माजा बोलना कसा नाय समजला?"

 लाज वाटून प्रभावतीने मान खाली घातली. म्हातारी उठली, पोराला पेज भरवायला गेली. त्या दिवसापासून तिने हात जोडायचं थांबवलं, आणि खरं सांगायचं तर प्रभावतीला त्यातच थोडं मोकळं वाटलं.

पाणी पुन्हा भरतंय का ते बघायला भिकाजीला कोल्हापूरला न्यायचं ठरलं, तिथे इकोचं यंत्र होतं. पाठवायला दुसरा माणूस होता, तरी प्रभावती स्वतः जीपमध्ये बसली. तिथल्या तरुण डॉक्टरने यंत्राचा दांडा भिकाजीच्या छातीवर ठेवत राहीला सहज विचारलं, की आजी, काय झालं होतं मुलाला? राहीने तोंड उघडलं. मग मिटलं. पदर पुढे ओढला आणि बोटाने प्रभावतीकडे दाखवलं.

"ह्यांना इचारा," ती म्हणाली. "माजा बोलना डाक्टर लोकांना समजत नाय."

प्रभावतीने सांगितलं. पेरिकार्डियल इफ्युजन, टॅम्पोनाड, सुईने काढलं, क्षयाची औषधं चालू आहेत. तरुण डॉक्टरला एका दमात समजलं आणि तो पडद्याकडे वळला. पाणी फार थोडं उरलं होतं, भिंत आपल्या वेळेला नीट फुगत होती. चिंतेचं कारण नव्हतं.

परतताना जीप आंबा घाटाला लागली तेव्हा भिकाजी मागे झोपला होता. राही प्रभावतीच्या बाजूला सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, की तुम्ही त्या डॉक्टरला जे सांगितलंत, ते मला शिकवा.

प्रभावती म्हणाली, "कशाला आजी? तुम्ही सांगितलंत तेच खरं होतं."

"खरा हुता. पन त्याच्यापायी पोर मरत हुता ना," राही म्हणाली. "खरा बोलून काय उपेग? तुमाला समजेल असा बोलाया होवा. सांगा, काय ता, पेरी..."

प्रभावतीने सांगितलं. म्हातारीने शब्द तोंडात घोळवला, तो मोडला, पुन्हा धरला, पुन्हा मोडला. घाट उतरून साखरपा मागे पडेपर्यंत ती तो पुटपुटत होती, आणि प्रभावतीला तिच्याकडे बघवत नव्हतं.